इश्क, मोहब्बत आणि आपला मराठी कान

प्रेमाच्या सात पायऱ्यांची एक यादी भ्रमणध्वनीवर अधूनमधून फिरत असते. दिलकशी, उन्स, मोहब्बत, अकीदत, इबादत, जुनून आणि शेवटी मौत. ही यादी वाचली की असे वाटते, कोणीतरी प्रेम तराजूत घालून शेर-अदपावाच्या हिशेबाने मोजले आहे. यातले शब्द खरे आहेत, पण यादीची मांडणी मला पटत नाही. अकीदत म्हणजे श्रद्धा आणि इबादत म्हणजे उपासना. या दोन्ही स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांना प्रेमाची वाढती मापे म्हणता येणार नाही. शिवाय ज्या शब्दावर उर्दू काव्याचा सारा डोलारा उभा आहे, तो 'इश्क' या यादीत पुष्कळदा सापडतच नाही.

अशी मोजदाद पूर्वी कोणी केलीच नाही असे मात्र नाही. इराणातील निशापूर येथे सआलिबी नावाचा अरबी भाषेचा मोठा पंडित होऊन गेला. त्याचा काळ इ.स. ९६१ ते १०३८. 'फिक्ह-उल-लुगा' या त्याच्या ग्रंथात एकाच अर्थाच्या भासणाऱ्या अरबी शब्दांतले बारीक भेद नोंदलेले आहेत, आणि त्यात प्रेमाच्या पायऱ्यांवरही एक लहानसे प्रकरण आहे. आरंभी 'हवा', म्हणजे मनाची ओढ. मग 'अलाका', म्हणजे मनाला जडून राहिलेली आसक्ती. त्यानंतर 'कलफ', म्हणजे त्या आसक्तीची तीव्रता. चौथ्या जागी 'इश्क'. त्याच्यापुढे हृदयाच्या पडद्यापर्यंत पोहोचणारे प्रेम, आतल्या आत जाळणारे प्रेम, आजारी पाडणारे प्रेम अशी नावे येतात आणि अगदी शेवटी 'हुयूम', म्हणजे भान हरपून दिशाहीन भटकणे.

या यादीत इश्काची जी व्याख्या दिली आहे, ती मला बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला फार आवडली. सआलिबीच्या मते ज्या मापाला 'हुब्ब' म्हणतात, ते माप ओलांडून जे वर उरते त्याचे नाव इश्क. हुब्ब आणि मोहब्बत हे एकाच धातूचे शब्द आहेत. म्हणजे मोहब्बत हे भरलेले माप आणि इश्क ही त्यावरची ओसंडून गेलेली रास. दोघांतला भेद केवळ कमी-जास्तीचा नाही. मोहब्बतीला काठ असतात, इश्काला नसतात, हा तो भेद आहे.

जुन्या ग्रंथकारांनी हाच भेद शब्दांच्या व्युत्पत्तीतूनही समजावला आहे. 'कश्फ-उल-महजूब' हा सूफी मताचा प्रसिद्ध फारसी ग्रंथ लिहिणारे हुजवीरी अकराव्या शतकात लाहोरला राहिले. त्यांनी मोहब्बतीचा संबंध वाळवंटात पडलेल्या बियांशी जोडला आहे. अरबीत 'हब्ब' म्हणजे दाणा. बी मातीत पडते, त्यावर ऊन पडते, पाऊस पडतो, थंडी येते, तरी ते कुजत नाही आणि वेळ आली की उगवते. इश्काची व्युत्पत्ती कोशकार 'अशका' नावाच्या एका वेलीवरून देतात. ही वेल झाडाला विळखा घालते आणि अखेर ते झाड वाळते. आपल्या परभणी जिल्ह्यात बांधावरच्या बोरी-बाभळींवर पिवळी अमरवेल पसरलेली दिसते, तिची आठवण यावी असे हे चित्र आहे. आजचे भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्ती जशाच्या तशा मान्य करतीलच असे नाही. पण हे शब्द वापरणाऱ्या माणसांच्या मनात त्यांची कोणती चित्रे होती, ते त्यांवरून नेमके कळते. एकीकडे उगवणारे बी आहे आणि दुसरीकडे आश्रयालाच वाळवणारी वेल.

म्हणूनच ईश्वरावरील भक्तीसाठी 'इश्क' हा शब्द वापरावा की नाही, यावर सूफींमध्येही एकमत नव्हते. हद्द ओलांडणे हा ज्याचा अर्थ, तो शब्द ईश्वराच्या संदर्भात कसा शोभेल, असा काहींचा आक्षेप होता. कुराणातही 'इश्क' हा शब्द आलेला नाही. तेथे 'हुब्ब' आणि 'महब्बत' आहेत. पुढे फारसी कवींनी मात्र इश्कालाच पसंती दिली. त्यांनी 'इश्क-ए-मजाजी', म्हणजे माणसावरचे प्रेम, आणि 'इश्क-ए-हकीकी', म्हणजे परमतत्त्वावरचे प्रेम, असे दोन भाग केले आणि पहिल्याला दुसऱ्याकडे नेणारा पूल मानले. उर्दूने हे सारे वजन फारसीकडून घेतले. म्हणून उर्दूत इश्क हा जड शब्द आहे.

येथे एक खुलासा करतो, कारण आपल्या घरांत ही गल्लत हमखास होते. 'मोहब्बत'मधील 'मोह' आणि आपल्या शास्त्रांतला 'मोह' यांचा काहीही संबंध नाही. संस्कृत 'मोह' हा 'मुह्', म्हणजे भ्रांत होणे, या धातूपासून आला आहे. अरबी शब्दात ह-ब-ब हा धातू आहे आणि आरंभीचा 'म' केवळ शब्द घडवण्यासाठी लागलेला आहे. मोहनीय कर्माचा अर्थ सांगताना मोहब्बतीचे उदाहरण देणारे एक प्रवचन मी ऐकले आहे. आशय योग्य होता, पण व्युत्पत्ती चुकीची होती. तसेच 'प्यार' हा शब्द अनेकांना फारसी वाटतो. तो अस्सल इकडचा आहे; संस्कृत 'प्रिय'च्या घराण्यातला. 'प्रियकार' वरून प्राकृतातून तो हिंदीत उतरला.

आता मोहब्बत आणि इश्क यांतील भेद ओळखायचा कसा? ग्रंथ उघडण्याची गरज नाही, रोजच्या हिंदी-उर्दू बोलण्यात एकाच्या जागी दुसरा शब्द घालून पाहावा. 'उन्होंने बड़ी मोहब्बत से खाना खिलाया' हे वाक्य सहज आहे. त्याचा अर्थ, त्यांनी फार आपुलकीने जेवू घातले. या वाक्यात मोहब्बत काढून इश्क घातला की वाक्य लंगडे पडते. 'माँ से मोहब्बत', 'उस्ताद से मोहब्बत', 'पड़ोसियों में मोहब्बत' हे सारे चालते. पडोसियों में इश्क म्हटले तर मोहल्ल्यात वेगळीच चर्चा सुरू होईल. मोहब्बत वाढते, टिकते, वाटली जाते, परत मिळते. इश्क बहुधा 'हो जाता है'. त्यात करणाऱ्याचा हात कमी आणि घडून येण्याचा भाग अधिक. 'वतन से इश्क' असे कोणी म्हटले, तर तो माणूस मुद्दाम मोठा शब्द वापरतो आहे, हे ऐकणाऱ्यास लगेच कळते.

इथवर हिंदी-उर्दूचे झाले. मराठीत आल्यावर मात्र हेच शब्द आपली जागा बदलतात, आणि मला खरे सांगायचे आहे ते हेच.

मराठीत फारसी-अरबी शब्द शेकड्यांनी आले, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. हिशेब, जमा, खर्च, बाकी, दलाल, रक्कम यांच्याशिवाय आपली चोपडी एक पान पुढे सरकत नाही. या शब्दांनी अर्थ फारसा बदलला नाही, कारण व्यवहार दोन्हीकडे सारखाच होता. प्रेमाचे शब्द मात्र कोणत्या दाराने आत आले, यावर त्यांचा मराठीतला मान ठरला. इश्क उर्दूत आला तो सूफींच्या मसनव्यांतून आणि गझलांतून. मराठीत तो मुख्यतः पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहिरांच्या लावणीतून रुजला. होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर यांचा तो काळ. डफ-तुणतुण्यावर, फडात, श्रोत्यांच्या टाळ्याशिट्ट्यांत हा शब्द मराठी कानावर पडला. म्हणून मराठीत त्याचे जे गोत वाढले तेही त्याच वळणाचे: इश्की, इश्कबाज, इश्कबाजी. उर्दूतही इश्कबाजी आहे, पण तेथे तिच्या शेजारी इश्क-ए-हकीकी उभा आहे. मराठीत तो शेजार आलाच नाही. परिणामी उर्दूत इश्क हा मोहब्बतीपेक्षा भारी, तर मराठीत तो साध्या 'प्रेमा'पेक्षाही हलका. एकच नाणे दोन बाजारांत दोन भावांनी चालावे, तसे हे झाले.

मोहब्बतीचे नशीब थोडे वेगळे निघाले. जुन्या मराठीत 'मोहबत' हा शब्द स्नेह, सख्य या अर्थाने होता. दोन सरदारांतही मोहबत असू शकत होती. तो अर्थ पुढे मागे पडला. आज मराठी माणूस मोहब्बत म्हणतो ती हिंदी चित्रपटांतून परत आलेली असते, स्त्री-पुरुषांच्या प्रेमापुरतीच.

हा फरक केवळ कोशातला नाही, त्यावरून घरात माणसे दुखावतात. आमच्या सेलूतील एका परिचित कुटुंबात आजी-आजोबांच्या विवाहाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा एक छोटी स्मरणिका काढायचे ठरले. नात इंदूरला वाढलेली, तिचे सारे शिक्षण हिंदीत झालेले. तिने मनापासून दोन पानांचा लेख लिहिला आणि त्याला शीर्षक दिले, 'दादा-दादी का इश्क'. लेखात आजोबांच्या आजारपणात आजीने केलेली शुश्रूषा होती, दुकान बुडायला आले तेव्हा आजीने काढून दिलेल्या पाटल्या होत्या. थोरल्या काकांनी शीर्षक वाचले आणि कागद बाजूला ठेवला. 'आपल्या आईवडिलांविषयी हा शब्द? तमाशाच्या फडातला?' त्यांचा आवाज चढला. मुलीला तर काय चुकले तेच कळेना. तिने लेख परत मागितला, आणि हौसेने आरंभलेल्या स्मरणिकेच्या कामात दोन दिवस अबोला शिरला.

तो कागद माझ्याकडे आला, कारण निवृत्तीनंतर शब्दांचा नाद लागलेला माणूस म्हणून गावात माझी थोडी ओळख झाली आहे. मी काकांना म्हटले, 'भाऊ, तुम्ही ऐकलेला शब्द आणि तिने लिहिलेला शब्द एकच नाही. तिने सर्वांत मोठा शब्द निवडला होता. तुमच्या कानाला तो सर्वांत हलका लागला.' मग वर सांगितलेल्या गोष्टी त्यांना सविस्तर सांगितल्या. त्यांना त्या पटल्या, पण शीर्षक बदलण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही. आणि मला वाटते, त्यातही तथ्य होते. स्मरणिका वाचणारे बहुतेक नातेवाईक मराठी वाचणारे होते आणि त्या प्रत्येकाला शेजारी बसून अर्थ समजावणे शक्य नव्हते. नातीला मी विचारले, 'या लेखातल्या नात्याला तू खरोखर इश्क म्हणशील का? माप ओलांडलेले, भान हरपलेले? की रोज थोडे थोडे साठलेले?' ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'काकाजी, साठलेले.'

अशा साठलेल्या प्रेमाला अरबीत फार चांगला शब्द आहे, 'उल्फत'. त्याच्या धातूचा अर्थ सवय होणे, परिचयाने जवळ येणे, जुळणे. माणसाळलेल्या जनावरालाही अरबीत याच धातूचा शब्द लावतात. म्हणजे उल्फतीत विजेचा लखलखाट नाही, सहवास आहे. तीव्रतेच्या यादीत तिला कोणी वरची जागा देणार नाही. पण ज्या घरांत लग्नाआधी वधू-वरांनी एकमेकांना जेमतेम एकदा पाहिलेले असे, त्या घरांत पुढे पन्नास वर्षांत जे निर्माण झाले त्याचे वर्णन या शब्दाइतके दुसऱ्या कोणत्याही शब्दात नीट बसत नाही. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द आहे 'लळा'. तोही लागतो, आणि सवयीनेच लागतो. अडचण इतकीच की मराठीत लळा बहुधा मुलांचा, गुरावासरांचा, नाहीतर थोरांना नातवंडांचा लागतो. पतिपत्नींसाठी हा शब्द आपण सहसा वापरत नाही. शेवटी लेख 'दादा-दादी की मोहब्बत' या शीर्षकाने छापला गेला. काकांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. पाटल्यांच्या ओळीपाशी त्यांना थांबावे लागले.

इश्काचे उर्दूतले वजन ज्याला पाहायचे असेल, त्याने दिल्ली-लखनौला जाण्याचे कारण नाही. आमच्या सेलूहून रेल्वेने पश्चिमेकडे निघाले की औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, लागते. अठराव्या शतकात तेथे सिराज औरंगाबादी हे कवी होऊन गेले. इ.स. १७६३ मध्ये त्यांचे निधन झाले. किशोरवयातच त्यांना अशी काही अवस्था प्राप्त झाली की वस्त्रांचेही भान राहिले नाही. घर सोडून ते खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या परिसरात भटकत राहिले. हे बुऱ्हाणुद्दीन म्हणजे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य, इ.स. १३३७ मध्ये दिवंगत झालेले. त्या उन्मनी अवस्थेत सिराज यांच्या मुखातून फारसी कविता आपोआप बाहेर पडत असे. ही अवस्था काही वर्षे टिकली. पुढे ते चिश्ती परंपरेतील एका गुरूंचे शिष्य झाले, उर्दूत गझला लिहू लागले, आणि काही काळाने गुरूंच्या आज्ञेवरून त्यांनी काव्यलेखनही थांबवले.

इश्कातून उमटलेल्या विस्मयावर त्यांची एक गझल आहे. ती आजही कव्वाल गातात. तिचा आशय थोडक्यात असा, की त्या विस्मयाच्या क्षणी वेडही उरले नाही, जिच्यासाठी वेड लागले तीही उरली नाही, आणि पाहणाराही उरला नाही. सआलिबीने यादीच्या शेवटी नोंदलेले 'हुयूम', दिशाहीन भटकणे, सिराज यांनी खुलताबादच्या टेकड्यांवर प्रत्यक्ष भोगले होते. त्यांच्या गझलेतला 'इश्क' वाचताना मराठी कानातला इश्क बाजूला ठेवावा लागतो. तो ठेवला नाही, तर ती गझल शृंगारगीत वाटते आणि हाती काहीच लागत नाही.

हा जड अर्थ मराठवाड्यात अगदीच अनोळखी होता असेही नाही. निजामाच्या राज्यात, सप्टेंबर १९४८ पर्यंत, उर्दू ही येथील दरबाराची आणि शिक्षणाची भाषा होती. त्या शाळांत शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीतले अनेक मराठी, मारवाडी, गुजराती व्यापारी उर्दू वर्तमानपत्र सहज वाचत. कोणी वारले की 'बड़े मोहब्बती आदमी थे' असे म्हणत. त्यांचा 'मोहब्बती' म्हणजे प्रेमळ, माणसे जोडणारा. परभणीला शाह तुराबुल हक यांच्या उरुसात कव्वाली ऐकायला बसलेल्या अशा एखाद्या वृद्धाला इश्काचा अर्थ विचारला असता, तर त्याने तो लावणीतला सांगितला नसता. ती पिढी गेली, आणि मराठवाड्याचा हा दुसरा कानही बराचसा गेला.

मराठीत याच्या उलट प्रवासही झाला आहे आणि तो मला फार मनोरंजक वाटतो. 'हवस' हा अरबी शब्द. मूळ अर्थ मनाचा भ्रम, खुळी लालसा. हिंदीत त्याची इतकी घसरण झाली की आज तो केवळ वासनेसाठी उरला आहे आणि गुन्ह्यांच्या बातम्यांतच भेटतो. हाच शब्द मराठीत आला, जरा घासून गुळगुळीत झाला, आणि झाला 'हौस'. नातवाची हौस, दागिन्यांची हौस, लग्नात हौसमौज, हौशी नाट्यमंडळ. त्यात कुठेही डाग नाही. हिंदी भाषकाला सांगावे, की तुमची हवस आणि आमची हौस सख्ख्या बहिणी आहेत, तर तो आश्चर्याने पाहतच राहतो.

'दिलदार'चेही तसेच. फारसीत दिल-दार म्हणजे ज्याच्या हाती आपले हृदय आहे तो, म्हणजेच प्रियकर किंवा प्रेयसी. मराठीत दिलदार म्हणजे मोठ्या मनाचा, सढळ हाताचा; वर्गणीच्या वहीत मोठा आकडा घालणारा. प्रेमाचा शब्द आपण दानधर्माकडे वळवला.

परकीय शब्दच असे फिरतात असे कोणी समजू नये. संस्कृत 'राग' म्हणजे रंग, आसक्ती. आपण रोज ज्यांना वंदन करतो त्या 'वीतराग' या नावात तोच अर्थ आहे. मराठीत मात्र राग म्हणजे संताप. दुकानात नव्या मुलावर कोणी खेकसले, तर आपण म्हणतो, 'शेठजींना राग आला.' आणि मराठीत लहान वयापासून वाढलेल्या मुलाला वीतरागाचा अर्थ विचारला, तर दहातले काही जण बिनदिक्कत सांगतात, ज्याला राग येत नाही तो.